साथीचा आलेख कसा वाचावा: एकदाच झालेली बाधा, चालू राहिलेला स्रोत आणि माणसांची साखळी

गावात जुलाब-उलट्यांचे पंधरा रुग्ण सापडले की पहिल्या काही तासांत एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: हा आजार अजून पसरतो आहे, की बाधा होऊन गेली आणि आता फक्त तिचे रुग्ण बाहेर येत आहेत? पाणी बंद करायचं, जेवणावळीतल्या लोकांना शोधायचं, की घरोघर फिरून आजारी माणसांच्या संपर्कातले लोक पाहायचे, हे त्या उत्तरावर ठरतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात. रुग्णांच्या तारखांचा एक साधा आलेख मात्र त्याच संध्याकाळी काढता येतो.

आलेख तीन तऱ्हेचे असतात हे सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. एकाच वेळी सगळ्यांना बाधा झाली तर एक उभा सुळका येतो, त्याला पॉइंट सोर्स म्हणतात. स्रोत चालूच राहिला तर पसरट पठार येतं, तो कंटिन्युअस सोर्स. आणि एकाकडून दुसऱ्याला होत गेलं तर लाटांमागून लाटा येतात, तो प्रोपगेटेड उद्रेक. हे बरोबर आहे, पण नुसत्या आकारावर विसंबलं तर फसगत होते. तोच सुळका कागदावर आडवा ताणला की पठार दिसतो. म्हणून आकारापेक्षा रुंदी पाहावी, आणि ती रुंदी दिवसांत न मोजता त्या आजाराच्या अधिशयन काळात मोजावी. अधिशयन काळ म्हणजे जंतू शरीरात गेल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा काळ. या लेखातलं सगळं गणित या एका मोजपट्टीवर उभं आहे.

आलेख काढण्याआधी

लाइन लिस्ट म्हणजे प्रत्येक रुग्णाला एक ओळ अशी यादी. ती तयार करताना सगळ्यांत महत्त्वाचा रकाना आहे तो लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेचा. दवाखान्यात आल्याची, नमुना घेतल्याची किंवा पोर्टलवर नोंद झाल्याची तारीख इथे चालत नाही. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, सोमवारी गर्दी होते. नोंदीच्या तारखेवर आलेख काढला तर दर सोमवारी एक लाट उठलेली दिसेल आणि साखळी चालू आहे असा भास होईल. ती लाट कचेरीच्या वेळापत्रकाची असते, आजाराची नाही.

लोकांना तारीख आठवत नाही, ही खरी अडचण. "ताप कधी आला?" असं विचारलं की "चार-पाच दिवस झाले" असं उत्तर येतं. त्याऐवजी आठवडी बाजाराच्या आधी की नंतर, पाणी सुटलं होतं त्या दिवशी का, मुलगा त्या दिवशी शाळेत गेला होता का, असं विचारलं तर तारीख बहुतेक वेळा नेमकी सापडते. आशाताईंना गावातल्या अशा खुणा पाठ असतात, त्यांना सोबत घ्यावं. अन्नविषबाधेत मात्र तारखेने भागत नाही, तिथे तास विचारावा लागतो.

दुसरा निर्णय आलेखातल्या खांबांच्या रुंदीचा, म्हणजे एका खांबात किती काळाचे रुग्ण धरायचे. सरासरी अधिशयन काळाचा साधारण चौथा हिस्सा घ्यावा. स्टॅफिलोकोकसच्या विषबाधेत लक्षणं तीन-चार तासांत येतात, तिथे तासाचा खांब. पटकीत सरासरी दोन दिवस धरले तर बारा तासांचा. कावीळ 'अ' ला सरासरी २८ दिवस लागतात, तिथे आठवड्याचा. खांब फार रुंद घेतला तर दोन लाटा एकात मिसळतात, फार अरुंद घेतला तर दाते दिसतात आणि प्रत्येक दात्याला काहीतरी अर्थ आहे असं वाटू लागतं. शंका असेल तर दोन-तीन रुंदींनी काढून पाहावं. रुंदी बदलली की जे नाहीसं होतं त्यावर निष्कर्ष बांधू नये.

स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात लक्षणांची तारीख आणि E रकान्यात प्रत्येक खांबाची सुरुवात लिहिली, तर F2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढावं:

```
=COUNTIFS(B:B,">="&E2,B:B,"<"&E3)
```

E रकान्यात शेवटच्या खांबानंतर आणखी एक तारीख लिहायला विसरू नये, नाहीतर शेवटचा खांब रिकामा येतो. खांबांमध्ये मोकळी जागा ठेवू नये, कारण काळ सलग असतो. आणि पहिल्या रुग्णाच्या आधीचेही काही दिवस दाखवावेत, निदान एक-दोन अधिशयन काळ. एरवी किती रुग्ण असतात ते दिसल्याशिवाय वाढ कुठे सुरू झाली ते कळत नाही.

मोजपट्टी कशी लावायची

समजा शंभर जणांनी एकाच वेळी दूषित अन्न खाल्लं. सगळे एकदम आजारी पडत नाहीत. कुणाला कमीत कमी काळ लागेल, कुणाला जास्तीत जास्त. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या रुग्णामधलं अंतर हे कमाल आणि किमान अधिशयन काळांच्या फरकाइतकं, फार तर तेवढंच असायला हवं. त्यापेक्षा जास्त भरलं तर एकाच वेळच्या बाधेने ते समजावता येत नाही. मग एकतर स्रोत चालू राहिला, नाहीतर माणसाकडून माणसाला गेलं.

एकाच वेळच्या बाधेचा सुळका दोन्ही बाजूंना सारखा नसतो. तो झपाट्याने चढतो आणि सावकाश उतरतो, कारण उशिरा आजारी पडणाऱ्यांची शेपटी लांब असते. फिलिप सार्टवेल यांनी १९५० मध्ये अनेक आजारांसाठी हे दाखवून दिलं. त्यामुळे लांबलेली उतरण दिसली म्हणजे स्रोत अजून चालू आहे असं लगेच म्हणू नये. आधी मोजावं.

ब्रॉड स्ट्रीट, १८५४

लंडनच्या सोहो भागातली पटकीची साथ आणि जॉन स्नो या डॉक्टरांनी काढायला लावलेला ब्रॉड स्ट्रीटवरच्या विहिरीच्या पंपाचा दांडा ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. स्नो यांनी रोजच्या आकड्यांचा तक्ताही छापला होता, आणि आलेख वाचायला शिकण्यासाठी मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. तक्त्यातले आकडे दगावलेल्या रुग्णांचे आहेत, पण ते लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनेही मांडलेले आहेत, म्हणून आपल्या कामाचे. काही रुग्णांची तारीख मिळाली नव्हती, ते यात नाहीत.

ऑगस्टच्या उत्तरार्धात दिवसाला एखादाच रुग्ण होता, काही दिवशी तोही नाही. ही त्या भागातली नेहमीची पातळी. ३० ऑगस्टला ८. ३१ ऑगस्टला ५६. १ सप्टेंबरला १४३, हे शिखर. मग ११६, ५४, ४६, ३६, २०, २८, आणि ८ सप्टेंबरला १२. पुढे ११, ५, ५, १, ३.

आता मोजपट्टी लावू. पटकीचा अधिशयन काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. म्हणजे एकाच वेळच्या बाधेचे सगळे रुग्ण साधारण पाच दिवसांत संपायला हवेत. ३१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या पाच दिवसांची बेरीज ४१५ होते. ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबरचे सगळे मिळून ५४४. म्हणजे चारातले तीन रुग्ण पाच दिवसांच्या खिडकीत बसले. चढणही तशीच आहे: ८ वरून १४३ वर जायला दोन दिवस पुरले. साखळीने पसरणारा आजार इतक्या वेगाने, इतक्या माणसांत, पायरीपायरीने न जाता उसळत नाही. इतके लोक जवळजवळ एकाच वेळी कशाच्या तरी संपर्कात आले होते.

पण उरलेला चौथा हिस्सा खिडकीबाहेर आहे. ५ सप्टेंबरनंतरही रोज रुग्ण येत राहिले. बाधा ३०-३१ ऑगस्टलाच होऊन संपली असती तर ७ तारखेला २८ रुग्ण दिसले नसते. म्हणजे विहिरीचं पाणी नंतरही, पण पूर्वीपेक्षा कमी, बाधा करत होतं, किंवा काही जणांना घरातल्या आजाऱ्याकडून झालं. आलेख एवढंच सांगतो, या दोन शक्यतांत निवड तो करू शकत नाही.

निवड करायला मदत झाली ती हेन्री व्हाइटहेड या धर्मगुरूंच्या नंतरच्या घरोघर चौकशीची. पंपाला लागून असलेल्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हं बाळ २८ ऑगस्टच्या सुमारास आजारी पडलं होतं. त्याची दुपटी धुतलेलं पाणी घराच्या शोषखड्ड्यात ओतलं जाई, आणि तो खड्डा विहिरीपासून जेमतेम काही फुटांवर गळत होता. बाळ २ सप्टेंबरला गेलं. दुपटी धुणं थांबलं, विहिरीत नवी घाण पडणंही थांबलं. हे आलेखाशी चांगलं जुळतं: जोराची बाधा, मग ओसरणारी.

दांडा काढला ८ सप्टेंबरला. आकडे परत पाहा: त्या दिवशी साथ शिखराच्या दहाव्या हिस्श्याहूनही खाली आली होती. स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की लोक भाग सोडून गेल्यामुळे साथ आधीच ओसरली होती आणि दांडा काढला तेव्हा विहिरीत विष उरलं होतं की नाही हे सांगता येत नाही. दांडा काढला म्हणून आलेख पडला, असं हा आलेख म्हणत नाही. पण त्याच ८ सप्टेंबरला त्या बाळाचे वडील आजारी पडले, त्याच घरात, त्याच खड्ड्याजवळ. दांडा जागेवर असता तर दुसरी लाट येण्याची शक्यता खरीखुरी होती. न आलेली लाट आलेखात दिसत नाही. उपाययोजनेचं श्रेय ठरवताना हे दोन्ही मुद्दे समोर ठेवावेत: उपायाच्या आधीच वळलेला आलेख आणि उपायामुळे कदाचित टळलेली दुसरी चढण.

रुंद, तरीही एकदाच

आता उलट उदाहरण. नोव्हेंबर १९५५ च्या मध्यावर दिल्लीत यमुनेच्या पुरामुळे नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी शिरलं. दूषित पाणी जेमतेम आठवडाभर शहराला गेलं. काविळीचे रुग्ण मात्र डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारी १९५६ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येत राहिले, अंदाजे २९,३००. नुसतं पाहिलं तर सात आठवडे चाललेली साथ, म्हणजे चालू स्रोत, असं कुणीही म्हणेल.

पण ही कावीळ 'ई' होती. त्या वेळच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता. ही कावीळ 'अ' नव्हे हे त्यातून कळलं, 'ई' हे नाव नंतरचं. तिचा अधिशयन काळ साधारण १५ ते ६० दिवस. कमाल आणि किमान यांत दीड महिन्याचा फरक. मग सात आठवड्यांची रुंदी एका आठवड्याच्या बाधेत व्यवस्थित बसते.

बाधेची तारीख मागे मोजून काढण्याची रीतही इथेच पाहता येते. पहिल्या रुग्णाच्या तारखेतून किमान काळ वजा करा: डिसेंबरची सुरुवात वजा १५ दिवस, नोव्हेंबरचा मध्य. शेवटच्या रुग्णाच्या तारखेतून कमाल काळ वजा करा: जानेवारीची २० तारीख वजा ६० दिवस, २१ नोव्हेंबर. दोन्ही उत्तरं एकमेकांजवळ आली की बाधा थोड्याच दिवसांत झाली असं समजावं, आणि तपास त्या दिवसांवर आणावा: तेव्हा कुठली पाइपलाइन फुटली होती, कुठे लग्न होतं, टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकल्याची नोंद आहे का. शिखरातून सरासरी काळ वजा करूनही एक तारीख काढावी, ती याच पट्ट्यात पडायला हवी. उत्तरं आठवडेच्या आठवडे लांब पडली तर स्रोत चालू राहिला असण्याची शक्यता धरावी.

याचा रोजच्या कामात एक मोठा उपयोग आहे. समजा गळती १० जूनला दुरुस्त केली आणि आजार कावीळ 'अ' आहे, कमाल काळ ५० दिवस. मग ३० जुलैपर्यंत येणारे रुग्ण हे दुरुस्तीच्या आधीच्या पाण्याचे असू शकतात. तोपर्यंत "दुरुस्ती करूनही साथ थांबली नाही" ही ओरड चुकीची ठरू शकते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नवे रुग्ण दिसले तर मात्र दुसरी गळती शोधायला निघायचं, किंवा घरातल्या घरात पसरतंय का ते पाहायचं.

लांब अधिशयन काळाची एक बाजू तोट्याचीही आहे. आपल्याकडे कित्येक गावांत पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांनी सुटतं. दूषित पाणी त्याच दिवशी येत असेल तर पटकीच्या आलेखात दाते दिसू शकतात आणि ते पाणी सुटण्याच्या दिवसांशी ताडून पाहता येतात. काविळीत ते दाते पूर्ण पुसले जातात. तिथे आलेखात पाणी सुटण्याच्या दिवसांच्या ठशाची अपेक्षाच करू नये.

साखळी ओळखताना

साखळीच्या उद्रेकाचं नमुनेदार चित्र म्हणून अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या अॅबरडीन गावच्या गोवराच्या साथीचा आलेख शिकवला जातो. ऑक्टोबर १९७० ते जानेवारी १९७१. आधी तुरळक रुग्ण, मग गोवराच्या एका पिढीइतक्या, म्हणजे साधारण दीड आठवड्याच्या अंतराने, एकामागून एक उंच होत जाणाऱ्या लाटा. इथे अंतर हीच खूण. दोन लाटांच्या शिखरांमधला काळ मोजावा आणि तो त्या आजाराला एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागणाऱ्या काळाशी जुळतो का पाहावं. गोवरात पुरळ येण्याआधीच रुग्ण संसर्ग देऊ लागतो, म्हणून हे अंतर पुरळाच्या अधिशयन काळापेक्षा थोडं कमीच भरतं.

प्रत्यक्षात लाटा इतक्या स्वच्छ क्वचित दिसतात. दोन-तीन पिढ्यांनंतर काही जण लवकर, काही उशिरा आजारी पडत पडत लाटा एकमेकींत मिसळतात आणि एकच रुंद डोंगर उरतो. तो चालू स्रोताच्या पठारासारखाच दिसतो. अशा वेळी आलेखाकडे आणखी टक लावून काही मिळत नाही, लाइन लिस्ट घराप्रमाणे लावावी. एकाच घरातला दुसरा रुग्ण पहिल्यानंतर एक पिढीच्या अंतराने येतो, की घरातले सगळे एक-दोन दिवसांत आजारी पडतात? पहिलं दिसलं तर साखळी, दुसरं दिसलं तर सगळ्यांनी एकाच माठातलं पाणी प्यायलं असण्याची शक्यता जास्त.

मिश्र आलेखही येतात. लग्नाच्या जेवणातून पन्नास जणांना नोरोव्हायरसची बाधा झाली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्यांना. मोठा सुळका आणि त्यामागे एक-दोन दिवसांनी छोटा उंचवटा. इथे जेवणाला हजर असलेले आणि नसलेले असे खांबाचे दोन रंग करावेत. दुसरा रंग सगळा मागच्या उंचवट्यात गोळा झाला की वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.

आणखी एक: डेंग्यूसारख्या डासांनी पसरणाऱ्या आजारात वर सांगितलेली रुंदीची मोजपट्टी थेट लावू नये. माणूस, डास, परत माणूस, असा दुहेरी वेळ लागतो आणि पाऊस, साठवलेलं पाणी यांवर तो बदलतो.

गटापासून सुटलेला रुग्ण

आलेखात सगळ्यांच्या आधी किंवा फार नंतर एखादाच खांब दिसतो. तो चुकीची नोंद समजून खोडण्याचा मोह होतो. तसं करू नये, आधी त्या घरी जावं. १९४० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात चर्चच्या रात्रीच्या जेवणानंतर विषबाधा झाली. चौकशी झालेल्या ७५ पैकी ४६ आजारी. जेवण संध्याकाळी होतं, पण एका मुलाला दुपारी तीनलाच त्रास सुरू झाला होता. विचारलं तेव्हा कळलं की त्याने सकाळी अकराला तिथलं व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लं होतं. चार तासांचा अधिशयन काळ आणि संशयित पदार्थ, दोन्ही त्या एका खांबातून मिळाले. पुढे हिशेब मांडला तेव्हा व्हॅनिला खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी निघाले, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३.

स्नो यांनाही असाच रुग्ण सापडला होता. हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडतं म्हणून मुद्दाम मागवत असे. ३१ ऑगस्टला आणलेलं पाणी तिने त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी प्यायलं, आणि १ सप्टेंबरच्या संध्याकाळी ती आजारी पडली. त्या परिसरात तिच्याखेरीज पटकी नव्हती. तिच्यावरून अधिशयन काळ एका दिवसाच्या आसपास, फार तर दीड दिवस, हे थेट मिळतं.

उजवी कड

चालू साथीत आलेखाच्या शेवटच्या काही दिवसांचे खांब नेहमी बुटके दिसतात, कारण काल आजारी पडलेला माणूस अजून दवाखान्यात आलेला नसतो. त्यावरून साथ उतरली असं जाहीर करू नये. लाइन लिस्टमधून लक्षणांच्या तारखेपासून नोंदीच्या तारखेपर्यंत किती दिवस जातात ते मोजावं. दहातल्या नऊ जणांची नोंद चार दिवसांत होत असेल तर शेवटचे चार खांब वेगळ्या फिक्या रंगात दाखवावेत आणि निष्कर्षासाठी वापरू नयेत. रोजचा आलेख कालच्या आलेखाशेजारी ठेवावा: मागच्या तारखांचे खांब अजून वाढताहेत का ते त्यात लगेच दिसतं, आणि ते वाढायचे थांबले की मगच उतरण मोजायला घ्यावी.